सिंधू आधी, पँगाँग जमलं तर

या पॉडकास्टवर बहुतेक वेळा तुमच्या वयाची मंडळी बोलतात. आज माझ्यासारख्या साठीच्या बाईला बोलावलंय, कारण विषय तुमच्या घरातला आहे. तुमचे आई-बाबा आज ना उद्या रिटायर होतील आणि म्हणतील, "आता एकदा लांबचा प्रवास करायचाय." मग तुम्ही फोन काढाल आणि दहा मिनिटांत एक पॅकेज शोधून द्याल. त्या दहा मिनिटांत काय बघायचं, एवढंच मी आज सांगणार आहे.

माझी ओळख थोडक्यात. मी सांगलीची. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात एकोणतीस वर्षं हिशेबाचं काम केलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आमचे हे माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय, बीपीची गोळी रोज चालू असते. मला तसा काही आजार नाही, फक्त उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. आमची लेक पुण्यात असते, आयटीत आहे.

आता स्वप्न. लोकांना लडाख म्हटलं की पँगाँग तलाव आठवतो, सिनेमामुळे. मला सिंधू बघायची होती. मी कृष्णेच्या काठावर वाढले, नदी म्हणजे काय ते मला माहीत आहे. शाळेत नकाशा काढताना मात्र ही एक रेघ कायम चुकायची. तिबेटात कैलासाजवळ सुरू होते, लडाखमधून जाते आणि पार कराचीजवळ अरबी समुद्राला मिळते. जिच्या नावावरून आपल्या देशाचं नाव पडलं, ती नदी आपण कधी पाहिलेलीच नाही, हे मनात राहून गेलं होतं. ह्यांना मात्र पँगाँग बघायचा होता. म्हणजे एकाच घरात दोन स्वप्नं, आणि दोन्ही लडाखमध्ये.

लेकीने लगेच पॅकेज पाठवलं. सहा रात्री, सात दिवस. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून थेट विमानाने लेह. पहिला दिवस आराम, दुसऱ्या दिवशी लेहच्या आसपास फिरणं, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, चौथ्या दिवशी नुब्राहून पँगाँग आणि तिथेच तंबूत मुक्काम, पाचव्या दिवशी परत लेह. दोघांचे मिळून एक लाख दहा हजार, विमानासकट. फोटो सुंदर होते. ती म्हणाली, "आई, बुक करू का? आज रात्रीपर्यंत डिस्काउंट आहे."

मी म्हटलं, थांब. मला आधी एक तक्ता करू दे. हिशेबाची सवय, दुसरं काय!

तक्त्यात दोनच रकाने होते. रात्र कितवी आणि झोपायचं ठिकाण समुद्रसपाटीपासून किती मीटरवर. पुणे साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. लेह साडेतीन हजारांवर. म्हणजे सकाळी साडेपाचशेवर उठायचं आणि रात्री साडेतीन हजारांवर झोपायचं. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, पण हवाच विरळ, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला काही दिवस लागतात. आणि ही सवय मुख्यतः रात्री कुठे झोपता त्यावर ठरते. दिवसा तासभर उंच खिंड ओलांडली आणि रात्री खाली येऊन झोपलात, तर बहुतेकांना ते झेपतं. झोपच उंचावर घेतली तर शरीर आठ तास त्या विरळ हवेत अडकतं, आणि झोपेत आपला श्वास आधीच मंद झालेला असतो.

डॉक्टर लोकांचा यावर एक साधा नियम आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्त काढायची.

आता हा नियम त्या पॅकेजला लावा. पहिल्याच रात्री थेट साडेतीन हजार. तिसऱ्या रात्री नुब्रा, साधारण एकतीसशे, म्हणजे ते ठीक. पण तिथे जाताना खारदुंग ला, पाच हजार तीनशेच्या वर. आणि चौथ्या रात्री पँगाँग, सव्वाचार हजार मीटर. एकतीसशेवरून सव्वाचार हजार! एका रात्रीत अकराशे मीटरची उडी, तीही सवय होऊन चार दिवस झालेले नसताना.

आणखी एक गोष्ट नकाशा नीट बघितल्यावर कळते. उंचीचा त्रास वाढला तर त्यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला यायचं तर मध्ये चांग ला आहे, साधारण पाच हजार साडेतीनशे मीटर. नुब्राकडून फिरून यायचं तर खारदुंग ला. म्हणजे खाली यायला आधी हजारभर मीटर वर चढायचं. रात्री दोन वाजता ज्याचा श्वास लागलाय अशा माणसाला घेऊन पाच तास तो घाट ओलांडायचा. लेहमधलं मोठं सरकारी इस्पितळ त्या घाटाच्या पलीकडे आहे. हे पॅकेजच्या पानावर लिहिलेलं नसतं.

तरुण लोक हे पॅकेज करतात आणि बहुतेक जण हसत परत येतात, हे खरं आहे. त्यांचं डोकं दुखतं, एखादा ओकतो, दोन दिवसांनी बरं वाटतं. वय जास्त म्हणून उंचीचा त्रास हमखास होतो असंही नाही. फरक कुठे पडतो? साठीनंतर अंगात आधीच काहीतरी चालू असतं. बीपी असतं, साखर असते, स्टेंट असतो. पहिले काही दिवस उंचीवर बीपी वाढतं, नाडी जोरात चालते. त्यामुळे चुकीला जागा कमी उरते.

म्हणून मी तक्ता उलटा मांडला. थेट उडी नको, पायऱ्या हव्यात. आणि अशी पायऱ्यांची वाट आधीपासूनच आहे, श्रीनगरहून लेहला जाणारा रस्ता. साधारण सव्वाचारशे किलोमीटर. ट्रकवाले, जीपवाले तो दोन दिवसांत कापतात. आम्ही त्याला सात रात्री दिल्या.

श्रीनगर सोळाशे मीटर, दोन रात्री. सोनमर्ग पावणेतीन हजारांच्या आसपास, एक रात्र. मग झोजी ला ओलांडून, द्रास मागे टाकून कारगिल. कारगिल पुन्हा पावणेतीन हजारांच्या थोडं खालीच, दोन रात्री. तिथून फोटू ला ही त्या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड, चार हजार एकशे मीटर. पण ती फक्त ओलांडायची, पुढे उतरून आल्चीत झोपायचं, साधारण एकतीसशे मीटरवर. आल्चीत दोन रात्री. आणि मग लेह, साडेतीन हजार, पाच रात्री. एकूण बारा. कुठल्याही एका रात्रीत तीन हजारांच्या वर चारशेपेक्षा मोठी पायरी नाही.

कोणी म्हणेल, मनालीहूनही रस्ता आहे की. आहे, सुंदर आहे. पण त्यावर मधला मुक्काम बहुतेक जण सरचूला करतात, आणि सरचू लेहपेक्षा उंच आहे, बेचाळीसशेच्या वर. म्हणजे पायरी लागायच्या आधीच माळा लागतो. पहिल्या वेळेला, आमच्या वयाला, तो रस्ता नाही.

आणि आता या तक्त्यातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. सिंधू नदी या रस्त्याला लेहमध्ये भेटत नाही. ती आधीच भेटते. लामायुरूहून वळणं घेत खाली उतरलात की खालसीला. लेहपेक्षा पाचशे मीटर खाली. म्हणजे माझं स्वप्न रस्त्याच्या सुरक्षित भागात होतं आणि प्रवासाच्या पहिल्या अर्ध्यात होतं. ह्यांचं स्वप्न, पँगाँग, सर्वांत वर आणि सर्वांत शेवटी. मी ते तसंच लिहिलं. शेवटून तिसरा दिवस, पँगाँग, सकाळी जाऊन संध्याकाळी परत, तिथे मुक्काम नाही. पुढे कंसात, 'दोघांची तब्येत ठीक असेल तरच'. हे म्हणाले, "म्हणजे तुझं पक्कं आणि माझं वेटिंग?" मी म्हटलं, "हो. उंचीने ठरवलंय, मी नाही."

डॉक्टरांकडे आम्ही निघायच्या दोन महिने आधी गेलो. आदल्या आठवड्यात नाही, कारण गोळी बदलली तर ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. ह्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी इको केला, ट्रेडमिलवर चालवलं आणि तो तक्ता मागून घेतला. डॉक्टर म्हणाले, "लोक मला विचारतात लडाखला जाऊ का. कुठे झोपणार हे कोणी सांगत नाही." स्टेंटला तीन वर्षं झालेली, छातीत दुखत नाही, बीपी ताब्यात, ट्रेडमिलवर त्रास नाही, त्यामुळे या पायऱ्यांनी लेहपर्यंत जायला त्यांनी परवानगी दिली. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं बजावलं. ह्यांना अधूनमधून झोपेची अर्धी गोळी घ्यायची सवय होती, ती तिकडे पूर्ण बंद. झोपेच्या गोळीने आणि दारूने झोपेतला श्वास आणखी मंद होतो, आणि उंचीवर तेच नको असतं.

उंचीसाठी एक गोळी मिळते, ॲसिटाझोलामाइड. खूप जण डायमॉक्स या नावाने ओळखतात. ती श्वासाचा वेग वाढवते आणि शरीराला लवकर सवय लावते. विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांना डॉक्टर ती बऱ्याचदा देतात. पण तिने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात, आणि बीपीच्या गोळ्यांत आधीच पाण्याची गोळी असेल तर दोन्ही एकत्र जड पडू शकतात. मला पूर्वी सल्फाच्या औषधाने अंगभर पुरळ उठलं होतं, तेव्हा ही गोळीही नको असं डॉक्टरांनी सांगितलं. ह्यांनाही दिली नाही, चढण इतकी सावकाश आहे की गरज नाही म्हणाले. तेव्हा मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणून ही गोळी आई-बाबांच्या हातात देऊ नका. त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आता पैशांचं. हे ऐकताना तरुण मंडळी कंटाळतात, पण आमच्या वयाला प्रवास मोडतो तो इथेच.

रिटायर झाल्यावर मिळालेल्या रकमेतून वीस लाख मी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. मी ठेवले तेव्हा दर 8.2 टक्के होता आणि तो पाच वर्षं तोच राहतो. दर तीन महिन्यांनी 41,000 रुपये खात्यात येतात. घर मुख्यतः त्यावर आणि ह्यांच्या थोड्या पेन्शनवर चालतं. आता समजा, प्रवासासाठी मी त्या योजनेत दोन लाख कमी टाकले असते. तर वर्षाला 16,400 रुपये कमी आले असते, म्हणजे महिन्याला साधारण 1,370. ह्यांच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च जवळजवळ तेवढाच आहे. प्रवास तेरा दिवसांत संपला असता, आणि गोळ्यांचे पैसे पुढे दर महिन्याला कमी पडले असते. म्हणून नियम केला, मुद्दलाला हात नाही. वर्ष-दीड वर्ष उशीर झाला तरी चालेल.

शिल्लक रजेचे 1,10,000 मिळाले होते, ते वेगळ्या खात्यात ठेवले. दर तिमाहीच्या व्याजातून थोडे थोडे काढत दीड वर्षात 80,000 जमवले. झाले 1,90,000. त्यातले चाळीस हजार मी प्रवासाच्या बजेटमध्ये धरलेच नाहीत. त्यांचं नाव 'परत यायचे पैसे'. म्हणजे मधूनच उतरावं लागलं, आयत्या वेळी विमान घ्यावं लागलं, एक-दोन रात्री जास्त राहावं लागलं, तर ते वापरायचे. नाहीतर हात लावायचा नाही.

उरलेल्या दीड लाखाचा हिशेब असा झाला. विमान, जाताना पुण्याहून श्रीनगर आणि येताना लेहहून पुणे, दोघांचे 41,000. गाड्या 49,000. बारा रात्रींचं राहणं 30,000. खाणंपिणं आणि किरकोळ 18,000. तपासण्या, औषधं, विमा 12,000. विम्याचं एक सांगते. प्रवास विम्यात आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याच पॉलिसींत तो वगळलेला असतो. तसं असेल तर घरच्या मेडिक्लेमचं कार्ड बरोबर हवंच.

म्हणजे पॅकेजपेक्षा आमचा प्रवास चाळीस हजारांनी महाग पडला. लेक म्हणाली, "आई, एवढ्या पैशांत काय जास्त मिळालं? पँगाँगचा मुक्काम तर गेला." मी म्हटलं, "सहा रात्री जास्त मिळाल्या." हळू जाण्याला पैसे पडतात, पण त्यातले काही परत मिळवता येतात. एकाच गावात दोन-तीन रात्री राहिलं की घरगुती गेस्टहाउसवाले दर कमी करतात, आणि विश्रांतीच्या दिवशी गाडीचा खर्च शून्य.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो. घाट उघडा असतो, गर्दी ओसरलेली असते आणि बर्फ पडायला अजून वेळ असतो. निघण्याआधी लेकीने एक काम फार चांगलं केलं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. तिने माझा नंबर महिनाभर आधी पोस्टपेड करून दिला. दोघांच्या गोळ्यांची यादी, ह्यांचा ईसीजी आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांचे फोटो दोन्ही फोनमध्ये टाकले, कारण वाटेत कित्येक तास रेंज नसते. आई-बाबांसाठी काही करायचं असेल तर असं काहीतरी करा.

रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि वहीत लिहायचं. सांगलीत ह्यांचं 98. श्रीनगरला 95. कारगिलला 92. लेहला पहिल्या संध्याकाळी 88. घरी 88 आलं तर आपण धावत दवाखान्यात जाऊ. लेहच्या उंचीवर ते नेहमीचं आहे. म्हणून आकड्याला घाबरायचं नाही, आणि नुसत्या आकड्यावर विसंबायचंही नाही. बोट गार असेल, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. आकड्यापेक्षा माणूस कसा आहे ते बघायचं.

माणसात काय बघायचं? डोकं दुखतंय, आणि त्याबरोबर भूक नाही, मळमळ आहे, चक्कर आहे किंवा फार थकवा आहे, तर उंची लागली असं समजायचं. वेगळं सिद्ध होईपर्यंत तसंच समजायचं, 'ऊन लागलं असेल', 'पित्त असेल' अशी समजूत घालायची नाही. मग त्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. दिवसभरात बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. आणि दोन खुणा अशा आहेत की वाट बघायचीच नाही, ताबडतोब डॉक्टर आणि ताबडतोब खाली. एक, सरळ रेषेत पावलापुढे पाऊल ठेवून चालता येत नाही, तोल जातो किंवा माणूस असंबद्ध बोलतो. म्हणजे मेंदूवर सूज येते आहे. दोन, नुसतं बसलेलं असतानाही धाप लागते आणि खोकला थांबत नाही. म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय. त्या छोट्या ऑक्सिजनच्या बाटल्या दुकानात मिळतात, त्या काही मिनिटं पुरतात. तेवढ्या जोरावर आणखी वर जायचं नसतं.

श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल छान झालं. कारगिलच्या दुसऱ्या दिवशी आम्ही काहीही केलं नाही. बाजारातून सुकलेले जर्दाळू आणले आणि सुरू नदीच्या काठी बसलो. गाडीवाला कारगिलचाच होता. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, दर दीड तासाने गाडी थांबवायची. आमच्या वयाला लघवीला जाता येणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग डोकं दुखलं तर ते कशाने दुखतंय तेच कळत नाही. हे कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ड्रायव्हरला आधी सांगा. तो "चाचीजी, आगे अच्छी जगह है" म्हणत बरोबर ठिकाणी थांबायचा.

फोटू ला आम्ही पंधरा मिनिटांत ओलांडली, उतरून एक फोटो, बस. मग लामायुरू, ती पिवळी मातीची चंद्रासारखी जमीन, आणि वळणावळणाने खाली. खालसीच्या पुलापाशी गाडी थांबली. नदी मातकट होती, राखाडी, खूप जोरात. कृष्णेसारखी संथ नाही. मी काठावर उतरले नाही, गुडघ्यासाठी तो उतार नव्हता. पुलापाशी उभी राहिले, अर्धा तास. ड्रायव्हरने घाई केली नाही. हे गाडीत बसून बिस्किटं खात होते. मग ते आले आणि म्हणाले, "एवढीच ना?" मी म्हटलं, "हो, एवढीच."

आल्चीत दोन रात्री काढल्या. तिथलं मंदिर जवळजवळ नऊशे वर्षं जुनं आहे, आतल्या भिंती चित्रांनी भरलेल्या. लडाखचे बरेचसे गोंपा डोंगराच्या टोकावर आहेत. हे गावातच, नदीकाठच्या सपाट जमिनीवर आहे. गुडघा असलेल्यांनी हे नाव लिहून ठेवा. पुढे निम्मूला झंस्कार नदी येऊन सिंधूला मिळते, दोन पाण्यांचे दोन रंग रस्त्यावरूनच दिसतात.

लेहला पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं धरलं. कोणाचं? माझं! स्टेंटवाले खुशाल गुरगुर चहा मागत होते आणि मी, जिला काही आजार नाही, ती अंथरुणात. चहा नको, वास नको, ऑक्सिमीटरवर 84. कोणाला लागेल आणि कोणाला नाही, हे आधी सांगता येत नाही, ते हेच. ह्यांनी मला फरशीच्या रेषेवर चालवून बघितलं, तोल ठीक होता. बसल्या जागी धाप नव्हती. पॅरासिटामॉल घेतली, सूप प्यायले, दिवसभर पडून राहिले. ह्यांनी गाडीवाल्याला विचारून ठेवलं होतं, रात्रीपर्यंत उतार पडला नाही तर परत आल्चीला न्यायचं. दोन तासांचा रस्ता, चारशे मीटर खाली, मध्ये मोठा घाट नाही. रात्री डोकं उतरलं. तिसऱ्या दिवशी भूक लागली.

चौथा दिवस पँगाँगचा होता. मला बरं वाटत होतं. पण चांग ला पाच हजार साडेतीनशे, आणि दोनच दिवसांपूर्वी मला उंची लागलेली. कंसातलं वाक्य दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "तुम्ही जा, शेअर गाडीत जागा मिळेल. मी थांबते." खरं सांगते, ते जातील असं वाटलं होतं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एक जागा. ते खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरांनी लेहपर्यंत म्हटलं होतं. पुढचं आपण लावलं होतं." हेही खरंच होतं.

त्या दिवशी आम्ही शेला सिंधू घाटावर गेलो. इथे पायऱ्या नीट आहेत, मी पाण्यात पाय घातले. ते बोलत नव्हते. लेकीचा फोन आला, "बाबा, पँगाँग दिसला का?" त्यांनी "नाही" म्हणून फोन मला दिला. संध्याकाळपर्यंत ते गप्पच होते. याचं मी गोड काही करून सांगणार नाही. हळू जाण्याची किंमत त्या दिवशी त्यांनी दिली, मी नाही.

परतीचं विमान सकाळचं होतं. लेहची विमानं हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून पुढे पुण्यात दोन दिवस काही ठेवलं नव्हतं. चाळीस हजार तसेच राहिले. घरी आल्यावर हे त्या वहीत काहीतरी लिहीत बसले होते. मी बघितलं, तर नवा तक्ता. पुढच्या वेळी लेहला आठ रात्री, पँगाँग सातव्या दिवशी. खाली हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट, 'आधी विचारणे'. मी त्यात शेवटी एक ओळ टाकली, 'व्याजातून, दोन वर्षं'.

तर तरुण मंडळी, आई-बाबांचं पॅकेज उघडाल तेव्हा किंमत बघण्याआधी एक कागद घ्या. प्रत्येक रात्रीपुढे झोपायची उंची लिहा. त्यांची हवीच असलेली जागा कोणती ते दोघांना वेगवेगळं विचारा आणि त्या उंचीपुढे खूण करा. ती सर्वांत वर आणि सर्वांत शेवटी असेल, तर ती दिसेलच असं सांगू नका. आणि फोन केलात तर 'काय काय बघितलं' याआधी 'जेवलात का' हे विचारा. उंचीवर भूक आहे म्हणजे बरंचसं ठीक आहे.

एवढंच. भेटू पुढच्या भागात. तुमच्या घरच्या प्रवासाचे तक्ते कमेंटमध्ये टाका, मी वाचते.